"भेटायला येऊ शकत नव्हते, त्यासाठी मी क्षमस्व आहे" – या ओळीत काय खटकतंय?

रानजाई

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण माझं डोकं त्यावर अडकलंय.

मी बंगळुरात वाढले. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड. मराठी बोलते, वाचतेही, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. आता नोकरीसाठी पुण्यात आहे. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता एका मैत्रिणीला संभाजी बागेच्या दाराशी भेटायचं ठरलं होतं. मी गेले नाही. ती पाऊण तास थांबली, फोन केले, मी उचलले नाहीत. रविवारी सकाळी तिला हे पाठवलं:

"काल मी तुला भेटायला येऊ शकत नव्हते, त्यासाठी मी क्षमस्व आहे."

तिचं उत्तर आलं: "बरं."

एवढंच. एरवी ही बाई भाजीचा भाव विचारला तरी दहा ओळी लिहिते. ऑफिसातल्या एकाला ओळ दाखवली, तो म्हणाला "काळ चुकलाय", पण कुठला आणि का, ते त्याला सांगता येईना. तर मला दोन गोष्टी तपासून हव्यात, काळ आणि सूर. आणि सुधारलेली ओळसुद्धा एकच हवी. परिच्छेद पाठवला तर ती म्हणेल, नाटकं करतेय.

तिखटजाळ

मी बँकेत आहे, मला हे रोज लागतं. सरळ असं लिही: "बैठकीस अनुपस्थित राहिल्याबद्दल दिलगीर आहे. कृपया बैठकीचा वृत्तांत पाठवावा." आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

रानजाई

ताई, बैठक नाही हो! मैत्रीण. बागेच्या दारात. भेळ खायला.

तिखटजाळ

अगं बाई. शीर्षक वाचून उडी मारली मी. मग हे अजिबात पाठवू नकोस, भेळेचा वृत्तांत मागितल्यासारखं होईल.

नीलकंठ७२

पहिली चूक उघड आहे. "मी क्षमस्व आहे" हे मराठी नव्हे आणि संस्कृतही नव्हे. "क्षमस्व" हे आज्ञार्थी क्रियापद आहे, त्याचा अर्थच "क्षमा कर". म्हणजे तुम्ही मैत्रिणीला "मी क्षमा कर आहे" असं लिहिलंत. हल्ली फलकांवर "गैरसोयीबद्दल आम्ही क्षमस्व आहोत" वाचलं की माझा रक्तदाब वाढतो. नुसतं "क्षमस्व" लिहा, नाहीतर "दिलगीर आहे" लिहा. "आहे" जोडायचं असेल तर ते "दिलगीर"लाच जोडता येतं.

दुसरी गोष्ट. "येऊ शकणे" हा सगळा प्रकारच इंग्रजीच्या नादाने आलेला आहे. अस्सल मराठीत "मला येता आलं नाही" म्हणतात. "शकणे" टाकून द्या, काळाचा प्रश्नच उरणार नाही.

आणि कृपा करून "सॉरी" लिहू नका.

जुना पाटा

नीलकंठराव, क्षमस्वबद्दल शंभर टक्के सहमत. शकण्याबद्दल नाही. "शकणे" संस्कृतातल्या शक् धातूवरून आलेलं आहे. इंग्रजी इथे यायच्या आधीपासून ते मराठीत नांदतंय. अतिवापर होतो म्हणा, तेवढं मान्य करीन. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्या अतिवापराला पेनाने भरपूर काट मारलीय. पण ते परकं नाही.

आता रानजाई, तुमच्या सहकाऱ्याला जे जाणवलं आणि सांगता आलं नाही, ते सांगतो. "येऊ शकत नव्हते" आणि "येऊ शकले नाही" हे दोन्ही भूतकाळच आहेत, म्हणून व्याकरणात कोणी लाल रेघ मारणार नाही. फरक आहे तो त्या काळात काय चाललं होतं यात. "पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा मी जिना चढू शकत नव्हते" म्हणजे ती स्थिती होती, दिवसचे दिवस, आणि तुम्हाला ती ठाऊक होती. "लिफ्ट बंद होती, जिन्याने निघाले, पण चौथा मजला गाठू शकले नाही" हे एकदा घडलं आणि संपलं. तिथे प्रयत्न आहे आणि तो फसलेला आहे.

तुम्ही पहिला प्रकार वापरलात. म्हणजे मैत्रिणीने जे वाचलं ते साधारण असं: "काल माझं येणं शक्यच नव्हतं." यावर कुठल्याही माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो की मग आधी का नाही कळवलंस? मी पाऊण तास उभी होते. तिने तो विचारला नाही, "बरं" लिहिलं. तुमचा काळ व्याकरणाला चुकलेला नाही, तो गळ्यात एक आरोप घालून घेणारा आहे. तुम्ही ज्याला सूर म्हणता तो इथे काळामुळेच बिघडलाय.

इंग्रजीत दोन्हीला एकच रूप चालतं, म्हणून इंग्रजीतून विचार करणाऱ्याचा इथे पाय घसरतो. कमीत कमी दुरुस्ती म्हणजे "येऊ शकले नाही".

रानजाई

बाप रे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आणि हो, डोक्यात आधी इंग्रजी वाक्यच आलं होतं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याइकडं बाई मानूस "मी येऊ शकली नाही" म्हनते. माझी माय, बहीन, बायको, सगळ्या. "शकले" म्हनलं का आमाले वाटते पुन्याची मास्तरीन बोलून राहिली. रानजाईनं "शकली" लिहिलं तं चूक होईन का?

जुना पाटा

बोलण्यात चूक कशी होईल? तुमच्या माय-बहिणीचं मराठी माझ्या पेनाच्या पलीकडचं आहे. मुंबईतही कितीतरी मुली "मी गेली, मी आली" म्हणतात. छापील प्रमाण भाषेत "मी शकले", एवढंच. मैत्रीण कुठली?

रानजाई

साताऱ्याची.

जुना पाटा

मग "शकले" ठेवा, ती तसंच बोलत असणार. आणि एक सोय सांगून ठेवतो. "मला येता आलं नाही" मध्ये हा वादच मिटतो, कारण तिथे क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग बघतच नाही. बाप्या असो, बाई असो, "आलं". नीलकंठरावांचा पर्याय तेवढ्यासाठी चांगला आहे. फक्त त्यात जोर परिस्थितीवर जातो. "मला येता आलं नाही" म्हटलं की ऐकणारा विचारतो, का गं, काय झालं? कारण हाताशी असेल तरच ते वापरावं.

वऱ्हाडी ठेचा

अन "नाही येऊ शकली" आनि "येऊ शकली नाही" यात काही फरक? मी तं दोन्ही म्हनतो.

चिंचगूळ

याचं मी सांगते, कारण मी मालिकांच्या संवादांखाली पट्ट्या लिहिते आणि यावर आमच्यात रोज भांडणं होतात. "नाही" क्रियापदानंतर येणं ही आपली साधी चाल. "आले नाही", "जमलं नाही". "नाही" पुढे ओढलं की ठसका येतो. "नाही येऊ शकले!" हे समोरच्याने दोनदा विचारल्यावर दिलेलं उत्तर वाटतं, कंबरेवर हात ठेवून. वऱ्हाडात आणि मुंबईत हिंदीच्या शेजारामुळे ते साधं म्हणूनही चालत असेल. पण साताऱ्याच्या मैत्रिणीला, ती आधीच रागावलेली असताना, लेखी पाठवताना? मी तरी नाही पाठवणार. (बघा, मीही "नाही" पुढे घेतलं. कारण ठसका हवाच होता.)

रानजाई, तुझ्या ओळीत आणखी एक शब्द राहिलाय, कोणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. "त्यासाठी". आपण "साठी" पुढच्या कामाला लावतो. परीक्षेसाठी अभ्यास, भाजीसाठी पिशवी. झालेल्या गोष्टीची माफी मागताना "त्याबद्दल". "त्यासाठी माफी" हल्ली सगळीकडे दिसतं, अर्थही कळतो, पण कानाला ते कुठूनतरी उचलून आणल्यासारखं लागतं.

रानजाई

मग "काल न येण्याबद्दल माफ कर" चालेल? हे आटोपशीर वाटतं.

चिंचगूळ

"न येण्याबद्दल" नको, "न आल्याबद्दल". "येण्याबद्दल" मध्ये येणं झालं की व्हायचंय ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात येणार नसशील तरी "न येण्याबद्दल" म्हणता येतं. "आल्याबद्दल" म्हटलं की ते होऊन गेलेलं असतं.

पण खरं सांगू? "न आल्याबद्दल माफ कर" बरोबर असलं तरी गार आहे. त्यात कोण आलं नाही, ते कुठेच नाही. "मी" नाही, बाई की पुरुष नाही, कुठल्या काळातलं पूर्ण क्रियापद नाही. सगळं "बद्दल"च्या पोटात गेलं. तिखटजाळ ताईंच्या बँकेला हे आवडतं, कारण कचेरीला माणूस दिसायला नकोच असतो. मैत्रिणीला माणूसच बघायचा असतो.

तिखटजाळ

बँकेला बोल लावू नका हो, बँकेनेच मला घर दिलंय. पण मुद्दा पटला. माझ्याच भावाची गोष्ट सांगते. एका वर्षी राखीला आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: "यायचं राहून गेलं." मी इतकी भडकले की काही विचारू नका. यायचं राहून गेलं म्हणजे काय? दूध आणायचं राहून गेलं तसं? कोणाचं राहिलं? कोणी राहू दिलं? तो म्हणे, मी तर माफीच मागितली. मी म्हटलं, यात तू कुठेच नाहीस, नुसतं "राहिलं" आहे. आई मधे पडली तेव्हा मिटलं.

जुना पाटा

तिखटजाळ, तुमच्या भावाने शब्द चुकीचा नव्हता वापरला. "राहून गेलं" म्हणजे मनात होतं, पण हातून सुटलं. छोट्या गोष्टीला तो गोड शब्द आहे. "तुझं पुस्तक परत द्यायचं राहून गेलं" म्हणा, कोणी रागावणार नाही. राखीचा आकार मोठा होता, शब्द लहान पडला.

सोलापुरी चादर

एवढा काथ्याकूट कशाला करताव? सरळ लिही की, "मी तुला लई ताटकळत ठेवलो, माफ कर." खटका संपला.

नीलकंठ७२

"मी ठेवलो"?? "मी ठेवलं"!

सोलापुरी चादर

सोलापुरात या, "मी जेवण केलो, मी पिच्चर बघलो" असंच ऐकायला मिळंल. पण रानजाईनं पुण्यात राहून असं लिहू नये, हे मलाबी कळतंय. तिनं "ठेवलं" लिहावं. शब्द बघा की, "ताटकळत". त्यात तिचा पाऊण तास आला का नाही?

जुना पाटा

चादरसाहेब थट्टेत बोलले, पण या धाग्यातला सगळ्यात कामाचा शब्द त्यांनी दिला. आतापर्यंत आपण सगळे "मी आले नाही" याच वाक्याभोवती फिरत होतो. ते वाक्य रानजाईबद्दल आहे. "तुला ताटकळत ठेवलं" हे मैत्रिणीबद्दल आहे, तिच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल. आणि "ठेवलं" हे करणाऱ्याचं क्रियापद आहे. "तुला ताटकळावं लागलं" असं म्हटलं असतं तर करणारा पुन्हा गायब झाला असता, लागलं बिचारीला, कोणामुळे देव जाणे.

आता मात्र एक विचारायलाच हवं. रानजाई, तुम्ही आला का नाहीत? काळ कुठला, ते त्यावर ठरेल.

रानजाई

सांगते. हसू नका. शुक्रवारी रात्रपाळी होती. शनिवारी घरी येऊन आवरलं, दुपारी जेवून जरा पडले. जाग आली तेव्हा रात्रीचे ८ वाजले होते. फोन सायलेंटवर. तिचे सहा मिस्ड कॉल. इतकी लाज वाटली की रात्री काही लिहिलंच नाही, रविवारी सकाळी ती ओळ पाठवली.

चिंचगूळ

अगं मग "येऊ शकले नाही" पण नाही चालणार! शकायचा प्रश्न आलाच कुठे? निघालीस, रिक्षा मिळेना, पाऊस लागला, अशी गोष्ट असती तर "येऊ शकले नाही". तू तर गादीवर होतीस.

नीलकंठ७२

माझं "येता आलं नाही" इथे बसतं. झोपलेल्या माणसाला येता येत नाही.

चिंचगूळ

काका, वकिली करू नका. ते वाचून ती "काय झालं?" विचारणार, आणि मग झोप बाहेर येणार. मग "येता आलं नाही" ही सबब होती असं तिला वाटणार.

जुना पाटा

मीच आधी "येऊ शकले नाही" सुचवलं होतं, ते कारण माहीत नसताना. आता ते मागे घेतो. नुसत्या साध्या भूतकाळावर या. "आले नाही." याला बळ आहे. आणि "आले नव्हते" नको बरं का. "काल मी आले नव्हते, काय काय झालं?" असं आपण म्हणतो, शाळेत गैरहजर राहिलेली मुलगी म्हणते तसं. "नव्हते" म्हटलं की ती मागची माहिती होते आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. माफीला ते नको, तिथे ती गोष्टच मुख्य आहे.

पण कारण सांगायचं असेल तर झोपेला मराठीत तीन दारं आहेत. "मला झोप लागली" यात झोप करते, तुम्ही काही करत नाही. "मी झोपून गेले" यात तुम्ही आहात, पण "गेले"मुळे नकळत झालं हे कळतं. "मी झोपले" म्हणजे ठरवून पांघरूण घेतलं. तुमचं खरं मधलं आहे.

सोलापुरी चादर

मधलंच का? रात्रपाळी करून आलेल्या मानसाला झोप लागतीच की. "झोप लागली" म्हनलं तर खोटं काय हाय त्यात?

जुना पाटा

खोटं नाही. पण "लागली"मध्ये जरा हात झटकल्यासारखं होतं, भूक लागली, ठेच लागली, तसं. गजर लावला नव्हता ना?

रानजाई

नव्हता.

जुना पाटा

मग "झोपून गेले".

सोलापुरी चादर

मला नाय पटलं. गजर न लावता बी झोप "लागते"च. तुमी प्रूफवाले लई कठोर.

तिखटजाळ

मला चादरभाऊंचं पटतंय. "झोप लागली गं" किती मऊ वाटतं. "झोपून गेले" ऐकलं की मला आमचे साहेब आठवतात, दुपारच्या बैठकीत.

रानजाई

मी एक ओळ करून बघते: "सॉरी गं, पण मला झोप लागली."

चिंचगूळ

"पण" काढ! "सॉरी, पण" म्हटलं की सॉरी तिथेच संपलं आणि बचाव सुरू झाला. आणि यात ती कुठे आहे? चादरभाऊंचं ताटकळणं कुठे गेलं?

नीलकंठ७२

आणि "सॉरी" आलंच. मराठीत माफी, क्षमा, दिलगिरी असे तीन तीन शब्द असताना!

चिंचगूळ

काका, "माफी"ही मुळात अरबी आणि "दिलगीर" फारसी. उरली क्षमा. दोन मैत्रिणींत "मला क्षमा कर" कधी ऐकलंत? नाटकाच्या तिसऱ्या अंकात. आणि मैत्रिणीला नुसतं "क्षमस्व" पाठवलं तर ती टोमणा समजते. मी स्वतः कोणावर भडकले की "क्षमस्व!" लिहिते. "माफ कर" चालेल, पण त्याला वजन आहे, आणि एका भेळेला ते जास्त होतं. "सॉरी गं" यात वजन सगळं त्या "गं"ला आहे. नुसतं "सॉरी" धक्का लागल्यावर अनोळखी माणसालाही म्हणतो आपण, "सॉरी गं" नाही म्हणत.

नीलकंठ७२

माफी रुळली, तीनशे वर्षं झाली असतील. सॉरी कालची आहे. मी माझ्या मतावर ठाम.

वऱ्हाडी ठेचा

काका, माफ करा म्हनाची तं मोठी पंचाईत आहे. आमच्या दारी कोनी मागाले आलं का बुढी म्हनते, "माफ करा, पुढं व्हा." तवापासून मले कोनी "माफ करा" म्हनलं का वाटते हाकलूनच राहिला.

जुना पाटा

त्यावरून आठवलं. "माफ करा" आणि "तुला" एका ओळीत घालू नका. "तुला" असेल तर "कर", "तुम्हाला" असेल तर "करा". हे सगळीकडे चुकतं, कारण "माफ करा" आपल्या तोंडात आयता बसलेला असतो. मैत्रिणीला "करा" म्हटलं की एकतर गंमत होते, नाहीतर अंतर पडतं. रागात असलेल्या माणसाला दुसरंच वाचायला सोपं जातं.

रानजाई

दुसरा प्रयत्न: "अगं, काल दुपारी झोपले ती थेट आठलाच उठले, तुला उगाच ताटकळत ठेवलं, सॉरी गं."

चिंचगूळ

वा! "झोपले ती थेट आठलाच उठले" कुठून आणलंस? हे तुझंच मराठी आहे, इंग्रजीतून नाही आलेलं.

रानजाई

आई असं बोलते. "गेला तो तिकडेच राहिला", "बसली ती उठेचना".

जुना पाटा

हे माझ्या तीनही दारांपेक्षा सरस आहे. "झोपले" हे ठरवून, "ती आठलाच उठले" हे हातचं गेलेलं. दोन्ही खरं, कुठेही झाकपाक नाही. चादरसाहेबांशी माझा वादही यात निकाली निघाला.

सोलापुरी चादर

निकाली कसला. तुमी जिंकलाव असं वाटायला लागलंय तुमाला.

जुना पाटा

दोन बारीक गोष्टी. एक, आज मंगळवार आहे. "काल" आता चालणार नाही, रविवारी चाललं होतं. "परवा"ही नाही, परवा रविवार होता. सरळ "शनिवारी" लिहा. "त्या दिवशी" मात्र नको, त्याने गोष्ट जुनी आणि पुसट होते, जणू तुम्हाला वार आठवत नाही. दोन, "उगाच" काढा. "उगाच ताटकळत ठेवलं" म्हटलं की विनाकारण ठेवलं असाही अर्थ निघतो, आणि कारण तर तुम्ही आत्ताच सांगितलंत.

चिंचगूळ

आणि "अगं" व "गं" दोन्ही एका ओळीत? मला चालेल, बोलताना दोन्ही येतात. लिहिताना एक पुरे. मी पुढचं काढीन, शेवटचं ठेवीन.

तिखटजाळ

मी उलट करीन. "अगं"ने सुरुवात केली की फोनवर बोलल्यासारखं वाटतं, ती चिडली असली तरी पुढे वाचेल. शेवटी नुसतं "सॉरी" पुरे.

चिंचगूळ

नुसतं "सॉरी" शेवटी? मग ते शिक्का मारल्यासारखं नाही होत?

तिखटजाळ

शिक्के आमच्या बँकेत मारतात, मला विचारा. नाही होत.

रानजाई

पाठवलं. शेवटी हे: "शनिवारी दुपारी झोपले ती थेट आठलाच उठले, तुला ताटकळत ठेवलं, सॉरी गं." फोन करायचं धाडस अजून नाही.

वऱ्हाडी ठेचा

उत्तर आलं का सांगजो.

रानजाई

आलं! "आठला??? मेली होतीस का? मला वाटलं कुठे पडलीबिडलीस की काय. मी भेळ एकटीने खाल्ली आणि तुझ्या नावाची पाणीपुरीपण. रविवारी 'येऊ शकत नव्हते' काय लिहिलंस गं, मला वाटलं तुला यायचंच नव्हतं."

जुना पाटा काका, अगदी तुम्ही म्हणालात तेच.

नीलकंठ७२

चांगलं झालं. "सॉरी" नसतं तरी झालं असतं.

रानजाई

ती म्हणतेय येत्या शनिवारी ये. "नक्की येईन" लिहू की "येते" लिहू? मला दोन्ही सारखंच वाटतं, पण आता भीती बसलीय.

जुना पाटा

"येईन" हे वचन आहे, आणि वचनात थोडी फट असते. "जमलं तर येईन" म्हणतात, "जमलं तर येतेच" कोणी म्हणत नाही. एकदा न गेलेल्या माणसाने "येते" लिहावं, शक्य तर "येतेच".

तिखटजाळ

पण "येईन" मध्ये जरा नम्रपणा आहे ना? माझा भाऊ आता दरवर्षी "येतोच" लिहितो आणि मला ते मुजोर वाटतं.

जुना पाटा

येतो का पण?

तिखटजाळ

येतो. तासभर उशिरा.

वऱ्हाडी ठेचा

ते सगळं ठीक आहे, पन माझ्या "शकली"चं काय ठरलं? छापाले का नाही चालत, ते कोनी सांगितलंच नाही. इतक्या बाया बोलतात, तं प्रमान कोनाचं?

चिंचगूळ

त्याला वेगळा धागा काढा ठेचाभाऊ, इथे नीलकंठ काकांचा रक्तदाब वाढेल.

नीलकंठ७२

वाढलेलाच आहे. काढा धागा, मी येतोच.